आधी कान, मग जीभ
(शाळेच्या परिपाठात वाचून दाखवण्यासाठी)

‘ताट’ हा शब्द सावकाश उच्चारून पाहा. ‘ता’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांना मागून टेकते; ‘ट’ म्हणताना तेच टोक किंचित मागे वळून टाळूला लागते. अंतर जेमतेम अर्ध्या बोटाचे, पण मराठी कानाला हे दोन वर्ण कधीच एक वाटत नाहीत. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे अशा प्रौढाला मात्र हा भेद ओळखणे फार अवघड जाते. त्याचे कान अधू असतात असे नाही. तान्हेपणी हा भेद त्यालाही ऐकू येत होता.

हे कळले कॅनडात. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आपलेच ‘त’ आणि ‘ट’ हिंदीतून घेतलेले होते. बाळ आईच्या मांडीवर बसे. ध्वनिक्षेपकातून एकच ध्वनी पुनःपुन्हा ऐकू येई आणि मध्येच तो बदले. बदलताच बाजूच्या पेटीत दिवा लागून खेळणे हलू लागे. ध्वनी बदलला की गंमत दिसते, हे बाळाला लवकरच उमगे आणि बदल जाणवताच ते पेटीकडे मान वळवी. आईकडून नकळत खूण होऊ नये म्हणून तिच्या कानांवर संगीत लावलेले असे.

इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी हा भेद अचूक टिपला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो टिपता आला. हिंदी बोलणाऱ्या घरांतील बाळांना मात्र वर्ष भरत आले तरी तो स्पष्ट ऐकू येत होता. पहिला शब्द फुटण्यापूर्वीच बाळाचा कान घरात न लागणारे भेद बाजूला सारू लागतो आणि लागणारे घट्ट धरून ठेवतो.

तोंडाची वाटचाल याच्या मागून होते. दोन-तीन महिन्यांचे बाळ ‘अगू, अगू’ करते. सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास ‘बाबाबा’, ‘मामामा’, ‘दादादा’ अशी साखळी सुरू होते. हेच वर्ण आधी येतात, कारण ते सोपे असतात. आवाज चालू ठेवून जबडा नुसता उघडला आणि मिटला की ओठ आपोआप जुळतात आणि ‘बा’ तयार होतो. जिभेला वेगळी कसरत करावी लागत नाही. बाबा, मामा, दादा, काका ही नाती अशाच जोड-अक्षरांची असावीत, हा काही निव्वळ योगायोग नव्हे. बाळाने ‘बाबाबा’ म्हटले की वडील हरखतात. बाळ मात्र त्या वेळी बहुधा जबड्याचा व्यायामच करत असते!

‘र’, ‘ळ’, ‘ण’ यांना जिभेचे कौशल्य लागते, म्हणून ते उशिरा वळतात. तीन वर्षांची चिमुरडी ‘काला’ म्हणते. पण मोठ्यांनी तिची नक्कल करून ‘काला’ म्हटले की रागावते, कारण तिच्या कानात ‘काळा’ केव्हाच पक्का झालेला असतो.

आता घरी जाऊन सांगण्यासारखी एक गोष्ट. ऐकू न येणारे बाळही रडते, हसते, ‘अगू’ करते. त्यामुळे पहिले सहा महिने घरच्यांना शंकाही येत नाही. दार आपटल्यावर दचकले म्हणून त्याला ऐकू येते असे मानणेही चुकीचे; हादरा अंगालाही जाणवतो, आणि मोठा आवाज ऐकणाऱ्याला बोलणे ऐकू येईलच असे नाही. फरक दिसतो तो ‘बाबाबा’च्या साखळीत. ऐकू येणाऱ्या बाळांत ती साधारणतः दहाव्या महिन्यापर्यंत सुरू होते. बधिर बाळांत ती बरीच लांबते.

अशा वेळी ‘याचे वडीलही उशिरा बोलले होते’ असे समाधान करून घेतले जाते. घरात मारवाडी किंवा गुजराती आणि दारात मराठी, म्हणून बाळ गोंधळले असेल, असेही म्हटले जाते. पण दोन भाषा ऐकणारी बाळेही साखळी त्याच वयात सुरू करतात. दहा महिने उलटूनही ती ऐकू आली नाही, तर कानाची तपासणी करावी. सर्दीने किंवा कानात साचलेल्या पाण्यानेही ऐकू कमी येते, आणि त्यावर उपचार आहेत.

खरे तर जन्मल्यावर काही दिवसांतच ही तपासणी करता येते. बाळ झोपलेले असताना कानात एक मऊ, लहानशी नळी ठेवतात. काही मिनिटांत काम होते, दुखत नाही. दोष आढळला आणि सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र व प्रशिक्षण सुरू झाले, तर अशी मुले उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा भाषेत पुष्कळ पुढे राहतात.