घोगऱ्या आवाजाचे तीन आकडे

प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचा आवाज दोन महिने बसलेला आहे, असं समजू. कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीतून पाहिलं, स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंना छोट्या गाठी दिसल्या, आणि त्यांनी बाईंना स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. तिथे मायक्रोफोनसमोर एक लांब 'आ' म्हणवून घेतला गेला आणि छापील अहवाल हातात आला. त्यात तीन ओळी महत्त्वाच्या: जिटर 1 टक्का, शिमर 4 टक्के, एचएनआर 14 डेसिबल. रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट वाचावा तसे हे आकडे वाचण्याचा मोह कुणालाही होईल. अमुकच्या वर गेलं की बिघाड, खाली आलं की बरं. पण हे आकडे इतके सरळ नाहीत, आणि ते का नाहीत हे कळायला ते निघतात कसे हे आधी पाहायला हवं.

बाईंचा 'आ' 200 हर्ट्झचा आहे, म्हणजे त्यांचे स्वरतंतू सेकंदाला 200 वेळा उघडतात आणि मिटतात. एका आवर्तनाला 5 मिलिसेकंद लागतात. पण हे आवर्तन घड्याळासारखं नेमकं नसतं. लागोपाठची पाच आवर्तनं मोजली तर 5.00, 5.04, 4.98, 5.02 आणि 4.96 मिलिसेकंद अशी काहीतरी येतात. शेजारशेजारच्या दोन आवर्तनांतला फरक काढला तर 0.04, 0.06, 0.04, 0.06. यांची सरासरी 0.05. आवर्तनाची सरासरी लांबी 5, म्हणून फरक 1 टक्का. हाच जिटर. शिमरचा हिशोब अगदी असाच, फक्त वेळेऐवजी लाटेची उंची घ्यायची. उंची 100, 103, 99, 102, 96 अशी असेल तर फरक 3, 4, 3, 6. सरासरी 4, म्हणजे 4 टक्के. प्रत्यक्षात पाच नव्हे, तीन सेकंदांतली सहाशेच्या आसपास आवर्तनं मोजतात.

एचएनआर वेगळ्या अंगाने जातो. आवाजाच्या एकूण ऊर्जेतला जो भाग प्रत्येक आवर्तनात पुन्हा तसाच येतो तो एकीकडे, उरलेला सळसळता गोंगाट दुसरीकडे, आणि या दोहोंचं गुणोत्तर डेसिबलमध्ये. 20 डेसिबल म्हणजे शंभरास एक. 10 म्हणजे दहास एक. शून्य म्हणजे दोन्ही सारखे. स्वरतंतूंवर गाठी असल्या की ते नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते, तिची सळसळ स्वरात मिसळते आणि हा आकडा घसरतो. निरोगी गळ्याच्या 'आ'ला साधारण 20 डेसिबल येतात. तोच गळा 'ऊ' म्हणाला तर आकडा 40 पर्यंतही जाऊ शकतो, कारण 'ऊ'मध्ये वरच्या पट्टीतल्या कंप्रता फारशा नसतात आणि आवर्तनातली छोटी गडबड त्या कंप्रतांतच आधी उमटते. म्हणून एकदा 'आ' आणि दुसऱ्यांदा 'ऊ' घेऊन तुलना केली तर ती तुलनाच नव्हे.

शून्य जिटर मात्र कुणाच्याच गळ्यात नसतो. स्वरतंतूंतल्या स्नायूला मज्जातंतूंकडून येणारे संदेश तुटक असतात, तंतूंवरचा चिकट स्राव हलत असतो, आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर तंतूंवरचा ताणही किंचित बदलतो. यंत्राने तयार केलेल्या स्वरात ही अस्थिरता अजिबात नसली तर तो कानाला कृत्रिम, भुणभुणता वाटतो. त्यामुळे प्रश्न अस्थिरता आहे का हा नसून ती किती आहे हा असतो.

त्या 'किती'ला अहवालात एक मर्यादा छापलेली असते: जिटर 1.04 टक्के, शिमर 3.81 टक्के. बाईंचा जिटर जेमतेम मर्यादेच्या आत, शिमर जेमतेम बाहेर. हे आकडे एमडीव्हीपी नावाच्या एका जुन्या, खूप वापरल्या गेलेल्या प्रणालीचे. आज बहुतेक ठिकाणी ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या पॉल बूर्समा आणि डेव्हिड वेनिंक यांनी लिहिलेलं प्रात हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. एमडीव्हीपी आवर्तनाचं टोक शोधतं. प्रात शेजारच्या दोन आवर्तनांचे पूर्ण आकार एकमेकांवर ठेवून जुळवतं. लाटेवर थोडा गोंगाट बसला की टोक इकडेतिकडे सरकतं आणि स्वरतंतू स्थिर असले तरी जिटर वाढलेला दिसतो. म्हणूनच प्रातच्या माहितीपत्रात हे 1.04 दिलेलं असलं तरी सोबत सूचना आहे की तो आकडा गोंगाटाने फुगलेल्या मोजणीतून आलेला असल्याने खरी मर्यादा बहुधा खाली असावी. एका प्रणालीची मर्यादा दुसऱ्या प्रणालीच्या आकड्याला लावणं ही या क्षेत्रातली सर्रास चालणारी चूक आहे. डोक्यावर पंखा फिरत असेल तर प्रणाली कुठलीही असो, पंख्याचा आवाज बाईंच्याच खात्यावर जमा होतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलेल्या आवाजात तर गोंगाट काढणारं आणि फाइल लहान करणारं यंत्रणेचं काम आधीच झालेलं असतं; त्यावर मोजलेल्या एचएनआरला मी तरी काही किंमत देणार नाही.

आता बाई थेरपी घेतात. वर्गात ओरडायचं नाही, दमाने, गळा न ताणता बोलायचं, हे शिकतात. सहा आठवड्यांनी पुन्हा 'आ'. ऐकणाऱ्याला आवाज स्पष्टच मोकळा वाटतो. पण कागदावर जिटर 1.3 आणि शिमर 5. थेरपी वाया गेली का? बहुधा नाही. पहिल्या वेळी बाई सवयीने जोरात म्हणाल्या होत्या, या वेळी शिकवल्याप्रमाणे हळू. माइके ब्रॉकमन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये निरोगी माणसांवर केलेल्या मोजणीत दाखवलं होतं की आवाजाच्या जोराचा या दोन्ही आकड्यांवर मोठा परिणाम होतो: हळू बोललं की ते वाढतात, मोठ्याने बोललं की उतरतात. जोरात म्हणताना फुप्फुसांचा दाब वाढतो, तंतू ठासून मिटतात आणि कंपन एका ठेक्यात बसतं. हळू म्हणताना ते अर्धवटच मिटतात. उलटंही घडतं. दुसऱ्या भेटीत रुग्ण नुसता जरा जोरात म्हणाला तरी 'सुधारणा' झाल्यासारखी दिसते. यावर उपाय साधा आहे, तरी अनेकदा टाळला जातो. ध्वनिपातळी मोजायची, दोन्ही वेळी तीच ठेवायची, मायक्रोफोन तोंडापासून तितक्याच अंतरावर लावायचा, आणि 'आ'चा सुरुवातीचा व शेवटचा भाग सोडून मधलाच घ्यायचा.

एवढं सांभाळूनही मोठी अडचण उरते. या हिशोबाची पहिली पायरी आहे आवर्तन ओळखणं. आवाज फारच बिघडलेला असेल तर तिथेच घोळ होतो. काही घोगऱ्या आवाजांत एक आवर्तन आखूड आणि एक लांब अशी जोडी पडते. समजा 4.8, 5.2, 4.8, 5.2. जिटर काढला तर 8 टक्के. पण सॉफ्टवेअरने जोडीलाच एक आवर्तन मानलं, तर त्याला 10, 10, 10 मिलिसेकंद दिसतात आणि जिटर येतो शून्य! तोच आवाज, तीच फाइल, आणि एकदा तो फार बिघडलेला, एकदा कुठल्याही माणसापेक्षा निर्दोष. असं झालंय हे ओळखायची खूण म्हणजे अहवालातली सरासरी कंप्रता. कानाला 200 ची ऐकू येणारी बाई कागदावर 100 ची असेल, तर पुढचे सगळे आकडे बाजूला ठेवावेत. प्रातमध्ये आणखी एक गोष्ट घडते. शेजारच्या दोन आवर्तनांत 1.3 पटीपेक्षा जास्त फरक असला तर ती जोडी हिशोबातूनच वगळली जाते. चुकीच्या ओळखी गाळायला हा नियम आहे, पण त्यात खरोखरच वेडीवाकडी आवर्तनंही गळतात आणि उरलेल्यांची सरासरी सुधारते. म्हणून निव्वळ आकडा न पाहता पडद्यावर प्रत्यक्ष लाट आणि तिच्यावरच्या निळ्या उभ्या रेषा पाहायच्या. प्रत्येक आवर्तनावर एकेक रेष बसली आहे ना?

या अडचणीला इंगो टिट्झ यांनी 1995 मध्ये स्वच्छ भाषेत मांडलं. त्यांनी आवाजाचे तीन प्रकार केले. पहिला जवळजवळ नियमित, दुसरा वर सांगितल्यासारखा जोड्या पडणारा किंवा मध्येच पलटणारा, तिसरा मुळात आवर्तनच नसलेला. जिटर आणि शिमर फक्त पहिल्यासाठी. दुसऱ्यासाठी स्पेक्ट्रोग्राम डोळ्यांनी पाहावा, तिसऱ्यासाठी जाणत्याच्या कानावर भरवसा ठेवावा. म्हणजे जिथे आवाज सर्वात जास्त बिघडलेला, तिथेच हे आकडे सर्वात कमी कामाचे. हा सल्ला देऊन तीन दशकं झाली, तरी सरसकट सगळ्या रुग्णांचे जिटर काढून त्यांची सरासरी छापणारे शोधनिबंध येतच राहतात.

मग बोलण्याच्या ओघातला आवाज का मोजत नाहीत? कारण बोलण्यात 'स', 'क', 'प' येतात, ज्यांत स्वरतंतू हलतच नाहीत, आणि सूर दर क्षणाला चढतो-उतरतो. मराठीत तर 'घ', 'भ', 'म्ह', 'न्ह' उच्चारताना आपण मुद्दाम तंतू सैल सोडून हवा मिसळतो. 'म्हणून' म्हणताना गोंगाट वाढतो, तो आजार नव्हे, उच्चार आहे. पण थकवा, ताण, वाक्याच्या शेवटी आवाज विरणं हे सगळं बोलण्यातच दिसतं, तीन सेकंदांच्या 'आ'मध्ये नाही. ही कोंडी काही अंशी सोडवणारं माप म्हणजे सीपीपी. त्याला एकेक आवर्तन ओळखावं लागत नाही, ते वाचनावरही चालतं, आणि अमेरिकेतल्या वाचा-उपचारकांच्या संघटनेने 2018 च्या शिफारशींत त्याला पसंती दिली. जोराचा परिणाम मात्र त्याच्यावरही होतोच.

हे आकडे आजाराचं नाव सांगत नाहीत, हे तर रुग्णाला कागद देतानाच सांगायला हवं. गाठ, सूज, एका स्वरतंतूचा लकवा, साधी सर्दी, कर्करोग. यांपैकी कशानेही जिटर वाढू शकतो, आणि नवी लहान गाठ असूनही आकडे मर्यादेत येऊ शकतात. शिवाय जिटर म्हणजे खरखर आणि शिमर म्हणजे हवा, असं वाटपही नाही. गोंगाट वाढला की तिन्ही आकडे एकदम बिघडतात. चार आठवड्यांत आवाज पूर्ववत झाला नाही तर स्वरयंत्र दुर्बिणीतून पाहून घ्यावं लागतं, आणि तंबाखू किंवा धूम्रपानाची सवय असेल, गिळताना दुखत असेल किंवा मानेत गाठ लागत असेल तर तेवढंही थांबू नये.

बाईंची थेरपिस्ट जाणती असेल तर ती दुसऱ्या भेटीत इतकंच करेल: "बाई, मागच्या वेळी म्हणालात तेवढ्याच जोरात पुन्हा एकदा 'आ' म्हणा." मीटरवर पहिल्या भेटीइतकीच पातळी येईपर्यंत तीन-चारदा म्हणवून घेईल, प्रत्येक वेळी कंप्रता 200 च्या आसपास आहे ना ते पाहील, आणि मधल्या तीन सेकंदांवर मोजेल. तसं मोजल्यावर जिटर 0.6, शिमर 2.8 आणि एचएनआर 18 आला, तर तंतू पूर्वीपेक्षा नीट मिटत असावेत असं म्हणायला आधार मिळतो. गाठी विरल्या का, हे पुन्हा दुर्बीण घातल्यावरच कळेल.