वाचक का गेला, ते आधी पाहा

ऑगस्ट 2023 मध्ये सीनेट या अमेरिकी तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने आपले हजारो जुने लेख काढून टाकल्याची बातमी आली. गूगलच्या शोधात आपले वजन वाढावे हा त्यामागचा हेतू होता. जुने, फारसे न वाचले जाणारे लेख साइटवर राहिले तर नव्या लेखांनाही त्याची झळ बसते, असा या क्षेत्रात एक समज आहे. त्याच सुमारास गूगलच्या बाजूने डॅनी सलिव्हन यांनी जाहीरपणे सांगितले की, केवळ जुना आहे म्हणून गूगलला एखादा मजकूर नकोसा होतो, असे काही नसते.

या दोन गोष्टींच्या मधोमध खरा प्रश्न उभा राहतो. एखादा लेख तीन-चार वर्षे हजारो लोक वाचत होते आणि आता त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. त्याला पुन्हा लिहायचे, दुसऱ्या लेखात मिसळायचे की पुसून टाकायचे? लेखाचे वय पाहून याचे उत्तर मिळत नाही. वाचक नेमका कशामुळे गेला, हे पाहावे लागते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे सातबारा. 'ऑनलाइन सातबारा कसा काढावा' हे सांगणारे लेख मराठीत शेकड्यांनी आहेत आणि ते फार लवकर शिळे होतात. भूलेखाचा सरकारी पत्ता एकेकाळी mahabhulekh.maharashtra.gov.in होता, आता तो bhulekh.mahabhumi.gov.in आहे. 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, त्याला 15 रुपये शुल्क पडते. 2020 मध्ये उताऱ्याची मांडणी बदलली. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि नमुना बारामधली पिकाची नोंद शेतकरी मोबाइलवरून स्वतः करू लागला. म्हणजे 2016 मध्ये अगदी बिनचूक असलेला लेख, त्यातला एक शब्दही न बदलता, पाच वर्षांत चुकीचा झाला.

समजा, शेतीची माहिती देणाऱ्या एका मराठी संकेतस्थळावर सातबाऱ्यावर पाच लेख आहेत. पहिला 2016 चा, ऑनलाइन सातबारा पाहण्याविषयी. दुसरा 2018 चा, डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्याविषयी. तिसरा 2019 चा, पुन्हा ऑनलाइन सातबाऱ्याविषयीच, कारण पहिला असल्याचे तेव्हा कुणाच्या लक्षातच राहिले नव्हते. चौथा आठ-अ म्हणजे खातेउताऱ्याविषयी. पाचवा म्हणजे 'देखभालीसाठी भूलेखाचे सर्व्हर दोन दिवस बंद' ही सूचना. पाचांचेही वाचक घटले आहेत.

संपादकाने सर्वांत आधी उघडायचे ते गूगलचे सर्च कन्सोल. ते फुकट असते आणि मागच्या 16 महिन्यांची नोंद दाखवते. त्यात प्रत्येक पानासाठी चार आकडे मिळतात: शोधाच्या निकालांत ते पान किती वेळा दिसले, किती जणांनी त्यावर टिचकी मारली, दिसणाऱ्यांपैकी मारणाऱ्यांचे प्रमाण किती आणि निकालांत ते सरासरी कितव्या क्रमांकावर होते.

तुलना मात्र मागच्या महिन्याशी करायची नाही, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करायची. शेतीच्या विषयांत तर हे फारच जपावे लागते. खरिपाच्या पीक विम्याचे लेख जून-जुलैत धो-धो वाचले जातात आणि ऑक्टोबरात ओस पडतात. तो हंगामाचा उतार असतो. जुलैची तुलना ऑक्टोबरशी करून धडधाकट लेखावर कुऱ्हाड चालवणारे संपादक कमी नाहीत.

आता 2018 च्या लेखाचे आकडे पाहू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. गेल्या वर्षीच्या तीन महिन्यांत तो 1,20,000 वेळा दिसला आणि 9,000 जणांनी तो उघडला. यंदा त्याच महिन्यांत तो 1,15,000 वेळा दिसला, पण उघडणारे 3,100 वर आले. सरासरी क्रमांक तिसऱ्यावरून आठव्यावर घसरला. याचा अर्थ लोक आजही तेच शोधत आहेत. लेख अजून पहिल्याच पानावर आहे, म्हणून तो दिसतोही जवळपास तेवढाच. पण इतर कुणाचे लेख त्याच्या पुढे गेले आहेत. मागणी शाबूत आहे आणि लेख मागे पडला आहे. असा लेख पुन्हा लिहिण्याजोगा असतो.

दिसण्याचा आकडाच कोसळला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती. मग दोन शक्यता उरतात. एक तर लोकांनी तो शोध घेणेच थांबवले. हे गूगल ट्रेंड्समध्ये तो शब्द टाकून ताडता येते. नाही तर पान निकालांतूनच गळाले. साइटची मांडणी बदलताना चुकून त्यावर शोधयंत्राला मज्जाव करणारी खूण बसली, तर असे होते. या दुसऱ्या परिस्थितीत लेखाला हात लावायची गरज नसते, ती खूण काढली की काम होते. आणि क्रमांक तोच, दिसणेही तेवढेच, पण टिचक्या घटल्या, असे असेल तर बहुधा उत्तर शोधाच्या पानावरच मिळू लागले आहे किंवा मथळा वाचकाला ओढत नाही.

पुन्हा लिहिताना सर्वांत मोठी चूक होते ती उत्साहाच्या भरात. संपादक लेख कोरा करून नव्याने लिहितो आणि ज्या परिच्छेदामुळे वाचक येत होता, तोच उडतो. म्हणून आधी त्या पानावर लोक कोणते शब्द शोधून येतात, ती यादी काढायची. सातबाऱ्याच्या लेखावर 'बँकेला कोणता सातबारा चालतो' असे विचारत बरेच जण येत असतील, तर त्याचे उत्तर देणाऱ्या ओळी राखायच्या आणि वर आणायच्या. फुकट दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो आणि सरकारी किंवा कायदेशीर कामाला 15 रुपयांचा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा लागतो, ही गोष्ट बाराव्या परिच्छेदात दडलेली असेल, तर वाचक तिथवर पोचत नाही. तो फुकटचा कागद छापून बँकेत जातो आणि हात हलवत परत येतो.

मग प्रत्येक पायरी स्वतः करून पाहायची. पत्ता उघडतो का, विभाग आधी निवडावा लागतो की जिल्हा, मोबाइल क्रमांक कोठे मागतात, पडद्यावरची बटणे लेखातल्या चित्रांसारखीच आहेत का. हे काम कंटाळवाणे आहे, पण लेखाचे नूतनीकरण म्हणजे मुख्यतः हेच काम. वरची तारीख बदलून आत सगळे तसेच ठेवणे ही वाचकाची फसवणूक आहे. मजकुरात खरा बदल न करता पान ताजे भासावे म्हणून तारीख बदलता का, हा प्रश्न गूगलने साइटचालकांसाठी दिलेल्या मार्गदर्शनातही आहे. लेखाचा पत्ता मात्र बदलू नये. त्यावर इतरांनी दिलेले दुवे आणि लोकांनी जपून ठेवलेल्या खुणा असतात.

पहिला आणि तिसरा लेख एकच गोष्ट सांगतात. अशा लेखांची टक्कर होते का, हे ओळखण्याची सोपी रीत आहे. सर्च कन्सोलमध्ये 'सातबारा ऑनलाइन' हा शोध गाळून घ्यायचा आणि मग पानांची यादी उघडायची. तिथे आपलीच दोन-तीन पाने दिसली, आज हे तर उद्या ते असे आलटून पालटून येत असली, तर त्यांचे एकत्रीकरण करावे. ज्या पानावर बाहेरून जास्त दुवे येतात आणि जास्त टिचक्या पडतात, ते ठेवायचे. दुसऱ्यातले उपयोगी परिच्छेद त्यात आणायचे आणि जुना पत्ता नव्याकडे कायमचा वळवायचा. अपाचे सर्व्हरवर त्यासाठी एक ओळ पुरते:

```
Redirect 301 /satbara-2016 /satbara-online
```

यातला 301 म्हणजे कायमचे स्थलांतर. हे वळण किमान वर्षभर ठेवावे, असे गूगल सांगते; वाचकांच्या दृष्टीने ते कायमच राहिलेले बरे. साइटवरच्या इतर लेखांतले दुवेही थेट नव्या पत्त्याकडे करून घ्यावेत, नाहीतर वळणावर वळण अशी साखळी तयार होते.

आठ-अचा चौथा लेख मात्र यात मिसळू नये. सातबारा एका गटाची किंवा सर्व्हे नंबरची हकिगत सांगतो, आठ-अ एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन सांगतो. शब्द जवळचे आहेत, पण वाचकाची गरज वेगळी आहे. सारे काही एका 'संपूर्ण मार्गदर्शका'त कोंबले की वाचकाला आपले उत्तर शोधत खाली-खाली जावे लागते आणि तो निघून जातो. एकत्रीकरणाच्या उत्साहात ही चूक फार होते.

उरला पाचवा, सर्व्हर बंद असल्याची सूचना. ती कुणी शोधत नाही, तिच्याकडे कुणाचा दुवा नाही, तिच्यात जपण्याजोगी माहितीही नाही. ती खुशाल काढावी. काढलेल्या पानाने 404 किंवा 410 असे उत्तर द्यावे, गूगल दोहोंना जवळपास सारखेच मानते. अशी पाने सरसकट मुखपृष्ठाकडे वळवण्याची सवय मात्र वाईट. सर्व्हरची सूचना शोधणाऱ्याला मुखपृष्ठावर नेऊन काहीच साधत नाही आणि गूगलही अशा वळणाला पान नसल्यासारखेच धरते.

पुसण्याआधी एक गोष्ट तपासावी: हा लेख माहितीपत्रक आहे की नोंद? त्या दिवशी काय घडले, कोण काय म्हणाले, हे सांगणारी जुनी बातमी महिन्याला चारच लोक वाचत असतील, तरी ती त्या काळाचा कागद असते. सीनेटनेही काढलेल्या लेखांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये राहतील असे पाहिले होते. मराठीत आधीच जालावरचा जुना मजकूर तुटपुंजा आहे, इथे तर वाचक कमी एवढ्या कारणावरून बातमी पुसणे परवडणारे नाही.

बदल केल्याची तारीख कुठेतरी टिपून ठेवावी. परिणाम दुसऱ्या दिवशी दिसत नाही. काही आठवडे जाऊ द्यावे लागतात आणि मग पुन्हा गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी ताडून पाहावे लागते. क्रमांक चढला पण टिचक्या तेवढ्याच राहिल्या, तर मथळा पाहावा. काहीच हलले नाही, तर पुढे गेलेले लेख उघडून त्यांनी वाचकाला असे काय दिले आहे, जे आपण दिलेले नाही, ते नीट वाचावे.

ज्यांच्या साइटवर सरकारी योजनांचे लेख आहेत, त्यांनी आकडे उघडण्याआधीच एक काम करावे. महाराष्ट्रात 2023 च्या खरिपापासून शेतकऱ्याला एक रुपयात पीक विमा मिळत होता. 2025 च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. त्यावरचा लेख ठेवायचा असेल तर ठेवा, तो झालेल्या गोष्टीची नोंद आहे. पण 'ही सवलत आता बंद आहे' हे वाक्य त्याच्या पहिल्या ओळीत आजच घाला.