१६० मधली एक

संध्याकाळच्या ओपीडीत ती नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन आली, तेव्हाच तिचे डोळे भरलेले होते. वय ३१, पहिलंच बाळंतपण, तेरावा आठवडा चालू. डबल मार्करच्या रिपोर्टवर लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’ छापलेलं आणि शेजारी बारीक अक्षरांत १:१६०. लाल अक्षरं तिघांनीही वाचली होती. आकड्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

“मॅडम, बाळाला डाऊन सिंड्रोम आहे ना?”

मी कोऱ्या कागदावर वीस-वीस टिंबांच्या आठ ओळी काढल्या आणि एका टिंबाभोवती गोल केला. “असाच रिपोर्ट आलेल्या १६० बायका आहेत असं समज. त्यातल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल, १५९ जणींच्या बाळांना नसेल. तू त्यांतली कोण, हे ही तपासणी सांगत नाही. पुढे तपासायचं का, एवढंच ती सांगते.”

सासूबाई म्हणाल्या, “पण आमच्याकडे असं कुणीच नाही हो.” त्यांच्या या वाक्याचा ओघ सुनेच्या माहेराकडे वळायच्या आत मी सांगितलं, की डाऊन सिंड्रोम बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही. बीज तयार होताना २१ क्रमांकाचं एक गुणसूत्र जास्तीचं येतं. त्यात कुणाची चूक नसते.

हा आकडा तीन गोष्टींतून निघतो: आईचं वय, तिच्या रक्तातले दोन घटक आणि सोनोग्राफीत मोजलेली एनटी, म्हणजे बाळाच्या मानेमागे त्वचेखाली साचलेल्या पाण्याची जाडी. बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असते, तेव्हाच ती मोजायची, साधारण ११ ते १४ आठवड्यांच्या मध्ये. हिची एनटी १.९, म्हणजे नॉर्मल होती. पण रक्तातला पॅप-ए त्या आठवड्याच्या मध्यमानाच्या निम्म्याहून कमी आणि बीटा एचसीजी दुपटीहून जास्त होता. डाऊन सिंड्रोममध्ये सहसा असंच चित्र दिसतं, म्हणून आकडा वर गेला.

इथेच एक चूक मी वारंवार पाहते. सोनोग्राफी एकीकडे होते, रक्त दुसरीकडे जातं आणि लॅब एनटी न घालताच हिशेब करते. मग ही एकत्रित तपासणी उरतच नाही. बाळाने मान मागे टाकलेली असताना माप घेतलं तर तेही फुगतं. म्हणून रिपोर्टवर बाळाची लांबी आणि एनटी लिहिली आहे का, हे मी आधी बघते. हिच्या रिपोर्टवर दोन्ही होतं.

पुढची पायरी एनआयपीटी. वारेच्या पेशींतून सुटलेले डीएनएचे तुकडे आईच्या रक्तात फिरत असतात, ते मोजायचे. डाऊन सिंड्रोम असलेल्या १०० बाळांपैकी सुमारे ९९ या तपासणीत सापडतात आणि निरोगी बाळांपैकी हजारात जेमतेम एकावर चुकीचा ठपका येतो. तरीही ही चाळणीच आहे, निदान नव्हे. हिच्यासारख्या १६,००० जणी धरा. त्यांच्यात डाऊनची बाळं १००. तपासणी त्यातली ९९ पकडेल आणि सोबत १६ निरोगी बाळांनाही ‘पॉझिटिव्ह’ म्हणेल. म्हणजे सातांतला एक पॉझिटिव्ह खोटा. पण ज्यांचा धोका मुळातच हजारात एक आहे अशा १६,००० जणींमध्ये डाऊनची बाळं १६ आणि खोटे पॉझिटिव्हही १६. म्हणजे निम्मे रिपोर्ट चुकीचे! खोटे पॉझिटिव्ह येण्याचं एक कारण साधं आहे. हा डीएनए वारेचा असतो, आणि वारेतला दोष कधी कधी बाळात नसतोच.

एनटी ३.५ किंवा जास्त असती, तर मी हिला एनआयपीटीवर थांबू दिलं नसतं. जाड एनटीमागे हृदयाचे दोष आणि एनआयपीटीला न दिसणारे गुणसूत्रांचे बारीक बदलही असू शकतात. तिथे वारेचा तुकडा किंवा गर्भजल काढून थेट तपासावं लागतं आणि पुढे बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करावी लागते.

तीन वाटा तिच्यापुढे ठेवल्या: काहीच न करणं, एनआयपीटी, किंवा थेट निदानाची सुई. सुईने गर्भपाताचा धोका दोनशेत एक किंवा त्याहूनही कमी वाढतो, हेही सांगितलं. नवरा बोलायला लागला, तेव्हा त्याला थांबवून मी तिच्याकडे बघितलं. तिने एनआयपीटी निवडली. दहा दिवसांनी रिपोर्ट ‘लो रिस्क’ आला. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी मात्र करायचीच, हे मी तिच्या फाइलवर लिहून दिलं.

तिचा रिपोर्ट उलटा आला असता, तर सोळाव्या आठवड्यात गर्भजल तपासलं असतं. वाचणाऱ्या प्रत्येकीला माझी विनंती आहे: एनआयपीटी पॉझिटिव्ह आली म्हणून, गर्भजलाचा किंवा वारेचा रिपोर्ट हातात येण्याआधी, गर्भपाताचा निर्णय घेऊ नका.