रुग्णवाहिका पुढे गेली आणि सूर उतरला

रस्त्याच्या कडेला उभे असताना रुग्णवाहिका समोरून सुसाट जाते आणि सायरनचा सूर एकदम खाली येतो. आत बसलेल्या चालकाला मात्र हा उतार ऐकूच येत नाही.

समजा, एकाच सुरात वाजणारा सायरन सेकंदाला 700 लाटा सोडतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर धावतो, म्हणून गाडी उभी असेल तर दोन लाटांत सुमारे 49 सेंटिमीटर अंतर राहतं. आता गाडी ताशी 72 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 20 मीटर वेगाने निघाली. एक लाट सोडून दुसरी सोडेपर्यंत ती जवळपास 3 सेंटिमीटर पुढे सरकते. त्यामुळे पुढच्या लाटा 46 सेंटिमीटरवर दाटतात, मागच्या 51वर विरळ होतात. कानावर आधी सेकंदाला 744 लाटा आदळतात, नंतर 661. गाणाऱ्यांना हा उतार ओळखीचा आहे: शुद्ध रेवरून सावर येण्याइतका.

गाडी जवळ येते तसा सूर चढत जातो, असं अनेकांना वाटतं. खरं तर वाढतो तो आवाजाचा जोर. सूर दुरूनच चढलेला असतो आणि गाडी बाजूने जाताना घसरतो. तुम्ही रस्त्यापासून जितके लांब, तितकी ही घसरण संथ.