आधी टांगा, मग दुमडा : अंब्रेला घागऱ्याची खालची कड

नवरात्र जवळ आलं की रायपूरच्या पंडरी कपडा बाजारात जॉर्जेटचे ताके उलगडू लागतात आणि गल्लीबोळातल्या शिंप्यांकडे ‘अंब्रेला’ची मागणी वाढते. अंब्रेला म्हणजे पूर्ण गोल घागरा. कंबरेला एकही चुणी नसते, तरी गिरकी घेतली की कापड छत्रीसारखं उघडतं. बेतायला तो सोपा वाटतो, कारण दोन अर्धवर्तुळं कापून जोडली की घागरा तयार. अडचण दिसते ती घातल्यावर. कापताना कंपासने आखल्यासारखी गोल असलेली कड अंगावर चार ठिकाणी खाली लोंबते आणि चार ठिकाणी वर राहते.

एक प्रत्यक्ष माप घेऊन पाहू. कंबर २८ इंच आणि लांबी ३६ इंच. कंबरेचा घेर ६.२८ ने भागला की आतल्या वर्तुळाची त्रिज्या मिळते, म्हणजे सुमारे साडेचार इंच. त्यात लांबी मिळवली की बाहेरची त्रिज्या साडेचाळीस इंच होते आणि खालचा घेर जवळजवळ २५४ इंच, म्हणजे साडेसहा मीटरच्या आसपास. कड सारखी करायला एक इंच माया जादा ठेवली, तर ४४ इंच पन्ह्याच्या जॉर्जेटमध्ये एक अर्धवर्तुळ रुंदीत नेमकं बसतं. अशी दोन अर्धवर्तुळं एकापुढे एक कापायला साडेचार मीटर कापड पुरतं.

या कापणीत अर्धवर्तुळाची सरळ बाजू काठाला समांतर येते. त्यामुळे घागऱ्याच्या दोन्ही कुशींच्या जोडावर उभा धागा येतो आणि पुढच्या व मागच्या मध्यावर आडवा. या चार जागांच्या अधेमधे, पुढे दोन आणि मागे दोन ठिकाणी, कापड तिरपं म्हणजे उरेब पडतं. कड लोंबते ती नेमकी याच चार जागी.

त्याचं कारण विणीत आहे. उभा किंवा आडवा धागा सरळ खाली येतो तिथे कापडाचं वजन तो धागाच पेलतो, आणि धागा सहजी लांबत नाही. उरेब भागात मात्र एकही धागा सरळ खाली जात नाही. तिथे विणीचे छोटे चौकोन वजनाने कलतात आणि उभट चौकटींसारखे होतात. कापड खाली लांबतं आणि तेवढंच आडवं आक्रसतं. पॅरिसच्या मादलेन व्हिओने यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत उरेब कापणीचे जे झगे गाजवले, ते कापडाच्या याच लवचीकपणावर उभे होते. तिथे तो गुण कापणाऱ्याने सबंध झग्यात मुद्दाम घेतलेला असे. गोल घागऱ्यात तो चारच जागी येतो, म्हणून कड वाकडी दिसते.

हे लांबणं एका क्षणात होत नाही. कात्रीतून निघालेला घागरा टेबलावर पसरला तर गोलच दिसतो, आणि त्याच दिवशी कड दुमडली तर शिंप्याच्या हाती असेपर्यंत ती सारखीही असते. विणीचे चौकोन तासातासाने सरकत राहतात. जाड सुती पॉपलीनमध्ये हा फरक जेमतेम जाणवतो. जॉर्जेटचे धागे खूप पीळ दिलेले आणि वीण सैल असते, त्यामुळे एक ते दोन इंचांची उतरण सहज येते. शिफॉनमध्ये ती याहूनही जास्त असू शकते.

म्हणून कड दुमडायच्या आधी घागरा टांगायचा. कमीत कमी २४ तास, आणि जॉर्जेट असेल तर दोन ते तीन दिवस. टांगण्याआधी कंबरपट्टा आणि चेन लावून झालेली असावी. कंबरेची कड मोकळी राहिली तर तीही उरेब भागात ताणली जाते आणि २८ ची कंबर २९ होऊन बसते. घागरा दोनच चिमट्यांवर अडकवला तर मधला भाग झोळीसारखा खाली येतो आणि उतरण चुकीच्या जागी पडते. कंबरेच्या मापाचा पुतळा मिळाला तर उत्तम. नसेल तर कंबरपट्टा दुहेरी धरून जवळजवळ चिमटे लावावेत. अस्तर असेल तर ते वरच्या कापडाशी खाली जोडू नये. दोन्ही कापडं आपापल्या गतीने उतरतात, म्हणून दोन्ही मोकळी टांगावी लागतात.

कापड पुरेसं उतरलं की नाही हे दिवस मोजून कळत नाही, मोजपट्टीने कळतं. टांगल्याच्या पहिल्या संध्याकाळी चारही उरेब जागी जमिनीपासून कडेपर्यंतचं अंतर घ्यावं आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा घ्यावं. दोन दिवसांची मापं जुळली की कापड स्थिरावलं.

आता घागरा घालणारीला चढवायचा, आणि तोही ती ज्या चपला घालून गरबा खेळणार आहे त्याच चपलांसह. माप कंबरेपासून खाली घ्यायचं नाही, जमिनीपासून वर घ्यायचं. कंबर ते कड हे अंतर पोट, नितंब आणि उभं राहण्याची ढब यांनुसार जागोजागी बदलतं. जमीन मात्र सगळीकडे तीच राहते. घालणारी सरळ, हात खाली सोडून, समोर बघत उभी राहील. मान वाकवून ती स्वतःची कड बघू लागली की पुढचा घागरा खाली येतो आणि मागचा वर जातो. तिने जागेवर फिरायचं नाही, खूण करणाऱ्यानेच उभी फूटपट्टी घेऊन तिच्याभोवती फिरायचं. दर दोन-तीन इंचांवर खडूची खूण किंवा टाचणी लावायची.

आपल्या घागऱ्यात पुढच्या मध्यावर कच्ची कड जमिनीपासून ४ इंचांवर आहे, कुशींवरही तेवढीच आहे, आणि चार उरेब जागी ती अडीच इंचांवर उतरली आहे असं धरू. तयार कड साडेचार इंचांवर हवी असेल तर दुमडीसाठी पाव इंच माया सोडून खूण सगळीकडे सव्वाचार इंचांवर पडेल. पुढून आणि कुशींवरून पाव इंच कापड जाईल, उरेब जागी पावणेदोन इंच. कापलेला घागरा टेबलावर पसरला तर तो आता गोल दिसणार नाही, चार ठिकाणी आत गेलेला दिसेल. ते बघून नवख्या हाताला कड पुन्हा ‘गोल’ करायचा मोह होतो, पण तसं केलं तर घेतलेली सगळी मापं वाया जातात.

आता दुमड. ती बारीक का हवी, हे हिशेबातून कळतं. बाहेरची कड आत वळवली की मोठ्या वर्तुळाचं कापड लहान वर्तुळावर बसवावं लागतं. पूर्ण गोल घागऱ्यात एक इंचाची दुमड केली तर जवळजवळ साडेबारा इंच कापड जास्तीचं होतं, मग घागऱ्याचा घेर कितीही असो. एवढं कापड कुठेतरी मुरवावं लागतं, आणि ते आतल्या बाजूला चुण्या होऊन साचतं. दुमड एक अष्टमांश इंचाची, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटरची असेल तर जास्तीचं कापड दीड इंचाच्या आसपास राहतं. ते २५४ इंचांत विभागलं की दिसत नाही. शिवाय बारीक कड हलकी असते, त्यामुळे कापडाची लय मरत नाही आणि उरेब भागावर नवं वजनही पडत नाही.

साध्या मशीनवर ही गुंडाळी दुमड तीन टिपांत होते. पहिली टीप कापाच्या कडेपासून अंदाजे पाव इंच आत, एकेरी कापडावर. हा दुमडायचा नेम, आणि हीच टीप उरेब कडेला ताणू देत नाही. मग कापड त्या टिपेवरून उलट बाजूला वळवायचं, टीप जेमतेम आत जाईल असं, आणि दुमडीच्या अगदी लगत दुसरी टीप मारायची. बारीक टोकाच्या कात्रीने दुसऱ्या टिपेबाहेरचं जास्तीचं कापड कापून टाकायचं. त्यात वरच्या थराला कात्री लागली तर घागराच वाया जातो, म्हणून हे काम दिवसाउजेडी करावं. उरलेली कड आणखी एकदा आत गुंडाळली की तिसरी टीप. जॉर्जेटला ९ किंवा ११ नंबरची नवी सुई आणि इंचाला बारा-चौदा टाके पुरतात. तिन्ही फेऱ्या मिळून जवळजवळ वीस मीटर टीप होते, म्हणून अशा कडेची मजुरी जास्त असते.

मशीनला लावायचा हेमर फूट एका फेरीत कड गुंडाळतो खरा, पण तो सरळ धाग्यावर चांगला चालतो. उरेब भागात कापड त्याच्या नळीत कधी कमी शिरतं, कधी जास्त, आणि कुशीच्या जोडापाशी जाडी आली की तो अडतो. तिथे जोडाची माया तिरकी कापून कमी करावी लागते. दुकानातला पिको हा तिसरा पर्याय. झिगझॅग टाक्यात कड पटकन बांधली जाते आणि वेळ वाचतो. मात्र पिको करणाऱ्याने उरेब कापड किंचितही ओढलं तर कडेला कोबीच्या पानासारख्या लाटा येतात. काहींना झालर म्हणून त्या हव्या असतात. सपाट कड हवी असेल तर पिकोआधी त्याच घागऱ्याच्या कापातल्या उरेब तुकड्यावर नमुना करून घ्यावा.

बिघाड ओळखायला घागरा टेबलावर पसरावा. कड उभी राहून लाटा देत असेल तर टीप मारताना कापड ताणलं गेलं आहे. हलक्या वाफेने ते बसलं नाही तर टीप उसवावी लागते. कडेवर तिरप्या सुरकुत्या पडून ती दोरीसारखी पिळलेली दिसत असेल तर मशीनच्या पायाखाली वरचा थर खालच्याच्या मागे राहिला आहे. पायाचा दाब कमी करावा, दुमड थोडी थोडी हाताने बसवून मगच पुढे जावं आणि मागून कापड खेचू नये. बारीक चुण्या दिसल्या तर त्या बहुधा उभ्या-आडव्या धाग्याच्या चार जागीच असतात, कारण उरेब भाग जास्तीचं कापड मुरवतो, सरळ धागा मुरवत नाही. तिथे धाग्याचा ताण सैल करून पाहावा.

अस्तराची कडही टांगून झाल्यावरच दुमडावी, वरच्या कापडापेक्षा एक इंच आखूड, म्हणजे पुढे ते थोडं उतरलं तरी बाहेर डोकावणार नाही. गरबा संपल्यावर घागरा कपाटात टांगून ठेवला तर उरेब जागा वर्षभरात पुन्हा उतरू शकतात. त्याची घडी करून तो आडवा ठेवावा आणि पुढच्या नवरात्राआधी एकदा अंगावर चढवून जमिनीपासून माप घ्यावं.