तिसरं पाकीट

प्रश्न दिसायला अगदी साधा होता. तीन पत्रं आहेत आणि तीन पाकिटांवर तीन पत्ते लिहिलेले आहेत. कुणीतरी न बघता प्रत्येक पाकिटात एकेक पत्र घातलं. एकही पत्र आपल्या योग्य पाकिटात गेलं नसेल, याची संभाव्यता किती? पर्याय चार: १/६, ८/२७, १/३ आणि १/२.

माझी भाची बारावीत आहे आणि सीईटीची तयारी करते. सराव परीक्षेत तिने या प्रश्नात ८/२७ वर खूण केली आणि पुढे गेली. उत्तरपत्रिका हातात आली तेव्हा तिथे फुली होती. संध्याकाळी ती कागद घेऊन माझ्याकडे आली. "मावशी, यातली एक तरी पायरी चुकीची असेल तर दाखव."

तिची रीत अशी होती. पाकिटं तीन, म्हणून पहिलं पत्र योग्य पाकिटात जाण्याची संभाव्यता १/३ आणि चुकीच्या पाकिटात जाण्याची २/३. दुसऱ्या पत्राचं तेच, तिसऱ्याचंही तेच. तिन्ही चुकायला हवीत, म्हणून २/३ गुणिले २/३ गुणिले २/३, म्हणजे ८/२७.

खरं सांगायचं तर तिच्या आव्हानापुढे मी क्षणभर गप्पच झाले. कारण प्रत्येक पत्राबद्दल तिने म्हटलेलं खरंच होतं. कुठलंही एक पत्र उचला, ते चुकीच्या पाकिटात असण्याची संभाव्यता बरोबर २/३ च आहे. पहिल्याला जास्त, तिसऱ्याला कमी असं काही नाही. तिन्ही आकडे बरोबर असूनही गुणाकार चुकीचा होता, आणि म्हणूनच ही चूक कागदावर बोट ठेवून दाखवता येत नाही.

शेवटी वाद सोडून आम्ही सगळ्या मांडण्या लिहून काढल्या. तीन पत्रं तीन पाकिटांत घालायचे प्रकार सहाच होतात. एका प्रकारात तिन्ही पत्रं योग्य जागी असतात. तीन प्रकारांत एक पत्र जागेवर असतं आणि उरलेल्या दोघांची अदलाबदल झालेली असते. राहिले दोन प्रकार, त्यांत सगळेच फिरलेले असतात: पहिलं पत्र दुसऱ्या पाकिटात, दुसरं तिसऱ्यात, तिसरं पहिल्यात, किंवा याच्या बरोबर उलट. सहापैकी दोन म्हणजे १/३. एवढ्यानं उत्तर मिळालं, पण भाचीचं समाधान झालं नाही. तिला मोजणी नको होती, आपला गुणाकार कुठे फसला ते हवं होतं. मला तिचा हट्ट पटला.

मग आम्ही पत्रं हळूहळू, एकेक करून भरली. पहिलं पत्र चुकलं असं धरा, २/३. समजा ते दुसऱ्या पाकिटात गेलं. आता दुसऱ्या पत्राचं काय? त्याचं स्वतःचं पाकीट तर भरून गेलं. ते योग्य जागी जाऊच शकत नाही, त्याचं चुकणं ठरलेलंच आहे. उलट पहिलं पत्र तिसऱ्या पाकिटात गेलं असेल, तर दुसऱ्यासमोर पहिलं आणि दुसरं अशी दोन पाकिटं उरतात आणि चुकण्याची संभाव्यता १/२ होते. हे दोन्ही प्रकार सारख्याच शक्यतेचे, म्हणून १ आणि १/२ यांची सरासरी घ्यायची: ३/४. पहिलं पत्र चुकल्याचं कळताच दुसऱ्याच्या चुकण्याची संभाव्यता २/३ वरून ३/४ वर चढली.

तिसऱ्या पत्राला निवड अशी नसतेच. जे पाकीट उरलं ते त्याचं. पहिली दोन्ही चुकली असतील असे तीन प्रकार आहेत. त्यातल्या एकात पहिल्या दोघांनी आपसांत जागा बदललेल्या असतात आणि तिसरं बिचारं मुकाट्यानं आपल्या घरी पोहोचतं. उरलेल्या दोनांत तेही चुकतं. म्हणून २/३. आता गुणा: २/३ गुणिले ३/४ गुणिले २/३. उत्तर १/३. म्हणजे दोष गुणाकाराचा नव्हता. पहिल्या पत्राचं काय झालं ते कळल्यावर दुसऱ्याचा आकडा बदलायला हवा होता, तो बदलला नव्हता.

ज्या घटनांत एकीची बातमी कळल्याने दुसरीबद्दलचा अंदाज जराही हलत नाही, त्यांना स्वतंत्र घटना म्हणतात. दोन वेगळी नाणी उडवली तर तसं होतं. इथे मात्र पाकिटं सामाईक आहेत आणि एका पाकिटात एकच पत्र मावतं, म्हणून एक पत्र चुकलं की ते दुसऱ्या कुणाची तरी जागा अडवतं. एकाचं चुकणं दुसऱ्याच्या चुकण्याला हातभार लावतं. साहजिकच सगळी चुकण्याची खरी संभाव्यता स्वतंत्र धरून काढलेल्या आकड्यापेक्षा मोठी निघते. ८/२७ म्हणजे सुमारे ०.२९६, तर १/३ म्हणजे ०.३३३.

भाचीला यावर दुसरी शंका आली, आणि ती मला पहिलीपेक्षा चांगली वाटली. "पण मग हे ८/२७ आहे कशाचं?" ते एका वेगळ्या प्रश्नाचं अचूक उत्तर आहे. समजा, तीन मुलं आहेत आणि तीन पाकिटांवर त्यांची नावं आहेत. प्रत्येक मूल आळीपाळीने येतं, डोळे मिटून तीनपैकी एका पाकिटाला हात लावतं आणि पाकीट तिथेच ठेवून निघून जातं. दोघांनी एकाच पाकिटाला हात लावला तरी चालतं. इथे एकूण प्रकार ३ गुणिले ३ गुणिले ३ म्हणजे २७, आणि एकालाही आपलं नाव सापडलं नाही असे २ गुणिले २ गुणिले २ म्हणजे ८. पिशवीतून चेंडू काढण्याच्या गणितात 'परत ठेवून' आणि 'परत न ठेवता' असा जो फरक असतो, तोच हा. आपल्या प्रश्नात तो 'प्रत्येक पाकिटात एकेक' या तीन शब्दांत दडला होता, आणि घाईत असे शब्द नजरेतून निसटतात. खरं तर छेदानेही चोर पकडता आला असता. मांडण्या सहाच, सगळ्या सारख्या शक्यतेच्या, मग २७ हा छेद येईल कुठून?

"करून बघूया का?" ती म्हणाली. आम्ही तीन वाट्या घेतल्या, तीन चिठ्ठ्या केल्या आणि साठ वेळा त्या न बघता वाटल्या. एकही चिठ्ठी जागेवर नाही असं अठरा वेळा झालं. भाची खूश! कारण साठचे ८/२७ म्हणजे जवळजवळ १८, आणि १/३ म्हणजे २०. तिचंच उत्तर जिंकल्यासारखं दिसत होतं. पण साठ वेळांच्या खेळात तीन-चारचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. तेवढ्या प्रयोगातून ०.२९६ आणि ०.३३३ यांच्यात निवाडा होत नाही.

निवाडा वहीतल्या दुसऱ्या रकान्याने केला. नेमक्या दोन चिठ्ठ्या जागेवर आणि एक चुकलेली, असं किती वेळा झालं? शून्य वेळा. स्वतंत्र धरून हिशेब केला तर याची संभाव्यता २/९ येते, म्हणजे साठांत तेरा वेळा तरी हे दिसायला हवं होतं. प्रत्यक्षात ते होणंच शक्य नाही. दोन पत्रं आपापल्या पाकिटात गेली की तिसऱ्यासाठी त्याचंच पाकीट उरतं. तिन्ही जागेवर असं अकरा वेळा झालं होतं. स्वतंत्र धरलं तर ते दोनदाच अपेक्षित, खऱ्या हिशेबाने दहा वेळा. विचारलेल्या प्रश्नात चूक बारीक दिसते आणि न विचारलेल्या प्रश्नात ती ढळढळीत दिसते, म्हणून शंका आली की मी आधी असा अशक्य प्रकार शोधते आणि आपली रीत त्याला शून्य म्हणते का ते पाहते.

एक तपासणी मात्र इथे उपयोगी पडत नाही. सरासरी किती पत्रं योग्य जागी जातात? खऱ्या सहा मांडण्यांत जागेवरच्या पत्रांची बेरीज ३ अधिक १ अधिक १ अधिक १, म्हणजे सहा, आणि सरासरी १. चुकीच्या रीतीनेही १/३ तीनदा मिळवून १ च येतं. सरासऱ्या मिळवताना घटना स्वतंत्र असण्याची अट नसते, ती अट गुणताना असते. त्यामुळे सरासरी जुळली म्हणून रीत बरोबर, असं समजू नये.

हा प्रश्न फार जुना आहे. फ्रान्समधल्या पियेर रेमाँ द मोंमोर यांनी १७०८ साली जुगाराच्या गणितावर जे पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात तो पत्त्यांच्या वेषात आहे. एक ते तेरा असे आकडे म्हणत एकेक पान उलटायचं आणि म्हटलेला आकडा व निघालेलं पान जुळतं का ते पाहायचं. पुस्तकाच्या १७१३ च्या आवृत्तीत निकोलस बर्नुली यांच्याशी झालेला पत्रव्यवहार आहे आणि त्यात या कोड्याचाही ऊहापोह आहे. पाकिटांचं कोडं पत्रांतून सुटावं, याची मला गंमत वाटते.

पत्रं वाढवली तर सगळं लिहून काढणं जमत नाही, पण एक युक्ती आहे. चार पत्रं घ्या. पहिलं पत्र उरलेल्या तीनपैकी एका पाकिटात जाईल, समजा दुसऱ्या. आता दुसरं पत्र पहिल्या पाकिटात आलं, तर अदलाबदल पूर्ण होते आणि उरलेल्या दोघांना चुकायचा एकच मार्ग राहतो. ते पहिल्यात आलं नाही, तर तीन पत्रांचंच कोडं पुन्हा उभं राहतं आणि त्याचे प्रकार दोन, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून ३ गुणिले (१ अधिक २), म्हणजे ९. एकूण मांडण्या २४, उत्तर ३/८, म्हणजे ०.३७५. भाचीच्या रीतीने ८१/२५६, म्हणजे ०.३१६.

आणि आता खरी मौज. तेरा पानांना चुकीच्या रीतीने ०.३५३ येतं आणि खरं उत्तर ०.३६८ आहे. बावन्न पानांच्या अख्ख्या कॅटला ०.३६४ विरुद्ध ०.३६८. पत्रं वाढतात तसे दोन्ही आकडे एकाच संख्येकडे सरकतात, ती म्हणजे १ भागिले ई, सुमारे ०.३६७९. कारणही सरळ आहे. शंभर पाकिटांत एक पत्र चुकून कुठेतरी गेलं, तर माझं पाकीट नेमकं त्यानेच अडवलं असेल अशी शक्यता अगदी थोडी. अवलंबन असतं, पण ते इतकं पातळ होतं की जाणवत नाही. एवढ्या मोठ्या संख्येत भाचीची रीत तिला जवळपास बरोबर उत्तर देत राहिली असती आणि तिचा तिच्यावर विश्वास बसला असता. परीक्षेत मात्र पत्रं तीन, चार नाहीतर पाच असतात, म्हणजे फरक जिथे सर्वांत मोठा तिथेच.

भाचीने ८/२७ खोडलं नाही. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'परत ठेवून' असं लिहिलं, आणि खालच्या कोऱ्या जागेत पाच पत्रं मांडायला घेतली. "चार गुणिले नऊ अधिक दोन..." ती पुटपुटत होती. मग थांबून म्हणाली, "मावशी, इथे कंस हवा."