सरकते अंदाजपत्रक : वर्षाचा आकडा आणि तिमाहीचे वास्तव

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा बहुतेक कंपन्यांची २०२०-२१ या वर्षाची अंदाजपत्रके तयार होती. काही ठिकाणी तर संचालक मंडळाने त्यांना नुकतीच मंजुरी दिली होती. १ एप्रिलला नवे आर्थिक वर्ष उजाडले ते या अंदाजपत्रकांतील जवळपास प्रत्येक आकडा निरर्थक ठरवूनच. अशी आपत्ती क्वचितच ओढवते, हे खरे. पण वार्षिक अंदाजपत्रकाचा मूळ दोष तिने ठळकपणे दाखवून दिला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बांधलेल्या अटकळींवर पुढच्या वर्षाच्या मार्चपर्यंतचे निर्णय अवलंबून ठेवले, तर त्या पंधरा-सोळा महिन्यांत बाजार आपल्यासाठी थांबून राहत नाही.

यावर काही उद्योगांनी स्वीकारलेला उपाय म्हणजे ‘रोलिंग बजेट’, अर्थात सरकते अंदाजपत्रक. त्याची रचना साधी आहे. एक तिमाही संपली की तिचे प्रत्यक्ष आकडे नोंदवायचे, उरलेल्या तिमाहींचे अंदाज नव्या माहितीनुसार सुधारायचे आणि शेवटी आणखी एक तिमाही जोडायची. त्यामुळे व्यवस्थापनापुढे सदैव पुढील चार किंवा पाच तिमाहींचे चित्र असते. वार्षिक पद्धतीत मात्र एप्रिलमध्ये बारा महिन्यांचा असणारा हा पल्ला जानेवारीत अवघ्या तीन महिन्यांवर येतो.

एका काल्पनिक उदाहरणाने हा फरक स्पष्ट होईल. छताचे पंखे बनविणारा एक मध्यम कारखाना घेऊ. त्याने वर्षाला ४ लाख पंखे विकण्याचे ठरविले आहे : एप्रिल-जूनमध्ये १ लाख ६० हजार, पुढच्या दोन तिमाहींत प्रत्येकी ६० हजार आणि जानेवारी-मार्चमध्ये १ लाख २० हजार. प्रत्यक्षात मे महिन्यात अवकाळी पाऊस पडला, उन्हाळा सौम्य गेला आणि पहिल्या तिमाहीत १ लाख ३० हजार पंखेच विकले गेले. गोदामात ३० हजार पंखे पडून राहिले. एका पंख्याचा उत्पादनखर्च १,२०० रुपये धरला, तर ३ कोटी ६० लाख रुपये अडकले. दहा टक्के व्याजाने एका तिमाहीचा भुर्दंड ९ लाख रुपये होतो.

वार्षिक योजनेला चिकटून राहणारा कारखाना अशा वेळी काय करतो? ४ लाखांचा आकडा गाठायचाच असल्याने ही तूट पुढच्या तिमाहींवर ढकलली जाते. उत्पादन ठरल्याप्रमाणे चालू राहते आणि मार्चमध्ये विक्रेत्यांच्या गळ्यात उधारीवर माल मारला जातो. कागदावर उद्दिष्ट पूर्ण होते. परंतु माल दुकानांत साठून राहिल्याने नव्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत मागणी रोडावते आणि उधारीची वसुलीही लांबते.

सरकत्या अंदाजपत्रकात हाच प्रश्न जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच समोर येतो. विक्रेत्यांकडील शिल्लक पाहून जुलै-सप्टेंबरचा विक्रीचा अंदाज ६० हजारांवरून ५५ हजारांवर आणला जातो. गोदामातील ३० हजार पंखे आधी वापरायचे असल्याने नवे उत्पादन २५ हजार पुरते. म्हणजेच ठरलेल्या ६० हजारांपेक्षा ३५ हजार पंखे कमी बनवायचे. एका पंख्याला ४०० ग्रॅम तांबे लागते असे धरले, तर १४ टन तांब्याची खरेदी टळते. ८०० रुपये किलो दराने ही रक्कम १ कोटी १२ लाख रुपये होते. याच बैठकीत पुढच्या वर्षाच्या एप्रिल-जूनचा पहिला, ढोबळ अंदाजही जोडला जातो. पुढच्या उन्हाळ्यासाठी नवे साचे हवे असतील आणि ते तयार व्हायला सहा महिने लागणार असतील, तर त्यांची मागणी वेळेवर नोंदविता येते.

दर तिमाहीला असे करायचे म्हणजे हिशेबनिसांवर कामाचा डोंगर कोसळेल, ही शंका रास्त आहे. खर्चाची दोनशे शीर्षे घेऊन प्रत्येकाची फेरमांडणी करू लागल्यास ही पद्धत वर्षभरातच गुंडाळावी लागेल. म्हणून ज्या मोजक्या घटकांवर बाकीचे आकडे हलतात, तेवढेच सुधारले जातात. आपल्या कारखान्यात ते घटक म्हणजे विक्रीची संख्या, सरासरी किंमत, तांब्याचा दर, उधारीचे दिवस आणि जादा पाळ्या. जवळची तिमाही महिनावार मांडतात, तर दूरच्या तिमाहींना ढोबळ आकडे पुरतात.

खरी अडचण गणिताची नसून माणसांच्या वागण्याची आहे. युरोपातील बोरेआलिस या कंपनीच्या अनुभवातून ती समजते. नॉर्वे आणि फिनलंडमधील दोन कंपन्यांचे पेट्रोरसायन व्यवसाय एकत्र येऊन १९९४ साली ही कंपनी स्थापन झाली. कच्चा माल आणि प्लास्टिक या दोहोंचे दर सतत हलत असल्याने तिचे वार्षिक आकडे लवकरच कालबाह्य होत. १९९५ मध्ये कंपनीने वार्षिक अंदाजपत्रकच सोडून दिले आणि पुढील पाच तिमाहींचा, दर तिमाहीला सुधारला जाणारा अंदाज स्वीकारला. त्यामागचा विचार असा, की अंदाजपत्रकाचा एकच आकडा परस्परविरोधी कामे करीत असतो. तोच आपल्याला गाठायचे उद्दिष्ट सांगतो आणि प्रत्यक्षात काय घडेल याचे भाकीतही तोच करतो. उद्दिष्ट महत्त्वाकांक्षी असावे लागते. भाकीत मात्र प्रामाणिक हवे. म्हणून बोरेआलिसने ही कामे वेगळी केली.

हे वेगळेपण सांभाळले नाही, तर सरकते अंदाजपत्रक कुचकामी ठरते. विक्री अधिकाऱ्याचा बोनस त्याच्याच अंदाजावर ठरणार असेल, तर तो दर तिमाहीला मुद्दाम कमी आकडा देईल. वर्षातून एकदा होणारी घासाघीस मग चार वेळा होईल. हा रोग ओळखण्याची खूण सोपी आहे. प्रत्येक तिमाहीचा आधीचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी शेजारी मांडावेत. चूक कधी वर, कधी खाली होत असेल, तर तो अनिश्चिततेचा भाग समजावा. परंतु अंदाज ५५, ६०, १२० आणि १५५ हजार, तर प्रत्यक्ष विक्री ६१, ६६, १३१ आणि १६८ हजार, अशी चूक ओळीने एकाच बाजूला पडत असेल, तर कोणीतरी आकडा दडवीत आहे असा दाट संशय घ्यावा.

याउलट टोकाचा धोकाही आहे. अंदाज दर तिमाहीला खाली आणता येतो म्हटल्यावर अपयशाची जबाबदारी कोणावरच राहत नाही. त्यामुळे वर्षारंभीचे मूळ उद्दिष्ट न बदलता जपून ठेवावे लागते. उत्पादन आणि खरेदीचे निर्णय ताज्या अंदाजावरून घ्यावेत, पण कामगिरीचा जाब त्या उद्दिष्टाच्या आणि बाजाराच्या प्रत्यक्ष स्थितीच्या आधारे विचारावा.

प्रत्येक उद्योगाला या पद्धतीची गरज नाही. दीर्घ मुदतीच्या करारांवर ठरलेल्या दराने माल पुरविणाऱ्या कारखान्याला वार्षिक योजना पुरेशी असते. शासनाचे खर्च विधिमंडळाच्या वार्षिक मंजुरीने बांधलेले असल्याने तेथेही तिमाही बदलांना मर्यादा आहेत. तरीही २००३ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याने केंद्र सरकारला अर्थसंकल्पाबरोबर तीन वर्षांची सरकती लक्ष्ये मांडण्यास सांगितले, त्यामागे दृष्टी वर्षाच्या कुंपणापलीकडे नेण्याचाच विचार होता. आपल्या पंख्यांच्या कारखान्यापुरते पाहिले, तर ३१ मार्च हा हिशेबवह्या बंद करण्याचा दिवस आहे. गिऱ्हाईक त्या दिवशी खरेदी थांबवीत नाही आणि पाऊसही त्या तारखेची वाट पाहत नाही.